गोष्ट डोमकळीपासून सुरू केली
"संशोधनाच्या पेपरावरचा सोपा लेख गोष्टीनं सुरू केला की पेपरातलं शास्त्र पातळ होत नाही का?"

गोष्ट पेपरातल्या प्रश्नावरच येऊन थांबली, तर नाही होत. बीटी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या पेपराचा लेख मी आमच्या वावरातल्या डोमकळीपासून सुरू केला: अळीनं पाकळ्या धाग्यांनी आवळलेल्या, फूल उमलतच नाही. 'साहित्य व पद्धती'ऐवजी उपशीर्षक दिलं 'अळीला बीटीचं विष चारून पाहिलं'.

घसरलो ते पुढं. 'बीटी फेल झालं' असं लिहिलं. खर्डा वाचून बाबा म्हणाले, "मंग बीटी लावाच नाही का?" पेपर फक्त गुलाबी अळीचा होता, हिरव्या बोंडअळीवर बीटी अजून चालतं. मग वेगळं उपशीर्षकच घातलं: 'कोणती अळी मरते, कोणती नाही'.