मदत हवी आहे : मूळव्याधीचे मलम बंद केले की खाज दुप्पट होते

निपाणीचा हिशेबनीस
सर्वांना नमस्कार. माझे वय ५२ असून निपाणीत तंबाखूच्या वखारीत मी हिशेब पाहतो, त्यामुळे दिवसातले आठ-नऊ तास बैठकीतच जातात. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस शौचाच्या वेळी दोन-तीनदा ताजे रक्त पडले, दुखले मात्र अजिबात नाही, आणि मागोमाग खाज सुरू झाली. मेडिकलमध्ये सांगितल्यावर एक मलम मिळाले, त्याने चार दिवसांत इतका आराम पडला की पुढे डॉक्टरकडे जाण्याचा विचारच मनात आला नाही. आता चार महिने झाले आणि २० ग्रॅमच्या सहा नळ्या संपल्या. मलम दोन दिवस लावले नाही तर खाज पूर्वीपेक्षा जास्त होते, आणि तिखट जेवण झाले की दुसऱ्या दिवशी धुताना आग होते. नळीवर बेक्लोमेथासोन ०.०२५ टक्के, फिनाइलेफ्रिन ०.१० टक्के आणि लिग्नोकेन २.५ टक्के असे लिहिले आहे. मला रक्तदाबाची गोळीही चालू आहे. मलमाचा जोर कमी पडतो आहे का, आणि याहून चांगले कोणते घ्यावे, हे कृपया कोणी सांगावे.

चिकोडीकर
तुमच्या नळीतले बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड आहे आणि ते इतके दिवस लावायचे नसते, म्हणून ते आजच बंद करा. त्याऐवजी स्टिरॉइड नसलेले, जस्ताचे मलम लावा. माझे मोड त्यानेच जिरले, वर्षभर काही त्रास नाही.

खानापूरची वाचक
हिशेबनीस दादा, मलाही असाच त्रास होता, पण माझ्या मलमाने डोके इतके दुखायचे की दुपारी स्वयंपाकघरात उभे राहवत नसे. डॉक्टरांनी ते नायट्रोग्लिसरीनचे असल्याचे सांगितले आणि कमी प्रमाणात लावायला लावले, मग दीड महिन्यात बरे वाटले. हवे असल्यास नाव कळवते.

बेळगावचे निवृत्त औषधविक्रेते
मी ३१ वर्षे औषधाच्या दुकानात उभा होतो आणि चिठ्ठीशिवाय अशा नळ्या मीही दिल्या आहेत, तेव्हा पुढचे लिहिताना उपदेशाचा अधिकार मला नाही हे आधीच मान्य करतो. ताई, आपले मलम गुदद्वाराच्या चिरेसाठी असते. ते तिथला आवळलेला स्नायू सैल करते, त्यामुळे चिरेला रक्तपुरवठा होतो. मूळव्याधीच्या रक्तस्रावावर त्याचा उपयोग नाही आणि हिशेबनीस यांना रक्तदाबाची गोळी चालू असताना ते उसने घेणे मुळीच बरे नाही, म्हणून नाव न सांगितलेलेच बरे.

हिशेबनीस, आपल्या नळीतल्या तीन औषधांची कामे वेगवेगळी आहेत. लिग्नोकेन बाहेरच्या कातडीला काही वेळ बधिर करते. परंतु रक्त पडूनही आपल्याला दुखले नाही, याचा अर्थ मोड बहुधा आतला आहे, आणि आतल्या भागाला वेदना जाणवतच नसल्यामुळे तिथे त्याला काही काम नाही. फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या काही तास आकुंचित करते आणि सूज उतरल्यासारखी वाटते, पण त्याचा अंमल सरला की परिस्थिती पूर्ववत होते. रक्तदाबाच्या रुग्णाने ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे. स्टिरॉइड दाह आणि खाज दाबते. यांतले एकही औषध मोड जिरवत नाही, कारण मोड म्हणजे आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या आधार सुटल्याने खाली सरकलेल्या असतात, आणि सुटलेला आधार कोणत्याही मलमाने परत येत नाही. चिकोडीकर, जस्ताचे मलम कातडीवर पातळ थर धरून ओलावा आणि घर्षण रोखते, तेव्हा खाज कमी होऊ शकते. आपले मोड मात्र बहुधा कुंथणे थांबल्यामुळे शांत झाले असावेत.

चिकोडीकर
हे खरे असू शकते. त्याच सुमारास मी पांढरा भात कमी करून ज्वारीची भाकरी आणि रात्री इसबगोल सुरू केले होते. मलमालाच श्रेय देऊन बसलो होतो.

निपाणीचा हिशेबनीस
मग पहिल्या चार दिवसांत इतका आराम कसा पडला? आणि सहा नळ्या जास्त आहेत का? मी तर दोनदाच, तेही बोटाच्या टोकाएवढे लावतो.

बेळगावचे निवृत्त औषधविक्रेते
आराम खराच होता, कारण दाह खराच होता. मात्र अशी स्टिरॉइडची मलमे साधारणतः सात दिवसांपुरती असतात. बोटाच्या पहिल्या पेरावर नळीतून काढलेली मलमाची रेघ अंदाजे अर्धा ग्रॅम भरते. दिवसातून दोनदा म्हणजे एक ग्रॅम, आणि चार महिन्यांचे १२० ग्रॅम, म्हणजे बरोबर आपल्या सहा नळ्या. आपण मात्रा चुकवलेली नाही, मुदत चुकवली. त्या जागेची कातडी मुळातच नाजूक, घड्यांमध्ये दबलेली आणि कायम ओलसर असल्यामुळे हातावर लावलेल्या मलमापेक्षा तिथे स्टिरॉइड अधिक मुरते, आणि बेक्लोमेथासोन हे हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा जोरदार असते.

आता खाज का वाढली, याची तीन कारणे संभवतात. कातडी विरळ झाली असेल तर ती चकचकीत दिसते, बारीक लाल रेषा उमटतात आणि धुताना आग होते. आपल्या तिखटाच्या अनुभवाशी हे जुळते. दुसरे म्हणजे बुरशी, जी स्टिरॉइडखाली दबून पसरते आणि तिचा लालसर, उठावदार काठ जांघेकडे सरकतो. तिसरे म्हणजे मलमातल्याच एखाद्या घटकाची ॲलर्जी, ज्यात मलम लागले तेवढ्या भागात लावल्यानंतर खाज वाढते. बंद केल्यावर उसळणारी खाज स्टिरॉइडच्या सवयीचीही असू शकते, म्हणून तिला औषध कमी पडल्याचे लक्षण समजून जास्त जोराचे मलम घेणे ही नेहमीची चूक असते.

तपासणी होईपर्यंत साबण टाळून साध्या पाण्याने धुवावे, पुसताना घासू नये, हलके टिपावे, आणि साधे पांढरे पेट्रोलियम जेली पातळ लावावे. कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे बसल्याने बरे वाटते. पण वय ५२ आणि रक्त, या दोन गोष्टी एकत्र असताना नुसत्या मूळव्याधीच्या अंदाजावर थांबू नये. सर्जनकडून दुर्बिणीने आत पाहून घ्यावे आणि मोठ्या आतड्याची तपासणी लागेल का, हेही विचारावे.

चिकोडीकर
काका, एकदम बंद करायचे की एक दिवसाआड?

बेळगावचे निवृत्त औषधविक्रेते
येथे मी ठाम सांगणार नाही. बुरशी असेल तर स्टिरॉइड लांबवणे घातक ठरते, आणि नसेल तर काही त्वचारोगतज्ज्ञ सौम्य स्टिरॉइडवर आणून हळूहळू सोडवतात. दोन्ही पद्धती मी चिठ्ठ्यांवर पाहिल्या आहेत, त्यामुळे जागा पाहिल्याशिवाय निवड करता येत नाही.

निपाणीचा हिशेबनीस
दहा दिवसांनी लिहितो आहे. कोल्हापूर जवळ असूनही नातेवाईक असल्यामुळे बेळगावला गेलो. आत दुसऱ्या अवस्थेचा मोड दिसला, म्हणजे कुंथताना बाहेर येणारा आणि आपोआप परत जाणारा. मोठ्या आतड्याच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम त्याच दिवशी बंद करायला लावले आणि कातडी खरवडून नमुना बुरशीसाठी पाठवला, त्याचा अहवाल सोमवारी येईल. पहिले पाच दिवस खाजेने झोप उडाली होती, सहाव्या दिवसापासून थोडी कमी आहे. मोडाला रबरी बँड लावायचा की इसबगोलवर दोन महिने पाहायचे, हे सर्जनांनी माझ्यावर सोडले आहे. कोणी बँड लावून घेतला असल्यास बैठकीचे काम किती दिवसांनी सुरू करता आले, तेवढे कळवावे.