लिअरमधला ग्लॉस्टर कापला तर कुठे अडतं?

तिसरी_घंटा: आमच्या ग्रुपने शेक्सपिअरचं 'राजा लिअर' दीड तासात बसवलंय. ग्लॉस्टर आणि त्याची दोन्ही पोरं सरळ काढून टाकली. म्हाताऱ्याला पोटच्या पोरांनी फसवलं हे एका घरात दाखवून झालं, मग तेच शेजारच्या घरात पुन्हा कशाला? 'नटसम्राट'मध्ये कुठे आहे ग्लॉस्टर? अडलं का काही?

विंगेतला: दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. "तेच पुन्हा" कसं म्हणता? लिअरला कुणी फसवलेलं नाही. भर दरबारात पोरींना "सांगा, माझ्यावर किती प्रेम आहे" असं विचारण्याचा थाट त्याने स्वतः मांडला, आणि खोटं बोलणाऱ्या दोघींना राज्य वाटून मोकळा झाला. ग्लॉस्टर काहीच मागत नाही. त्याच्या हाती धाकट्या मुलाने, एडमंडने, थोरल्या एडगरच्या नावाने बनवलेलं एक पत्र पडतं. तेही कसं? एडमंड ते घाईघाईने लपवल्याचं नाटक करतो, विचारलं तर "काही नाही" म्हणतो. तेव्हा म्हातारा म्हणतो, बघू, काही नसेल तर मला चष्मा लागणार नाही. मग नीट वाचतो आणि धाकट्याच्या खोटेपणाऐवजी थोरल्याचा गुन्हा त्याला दिसतो. आदल्याच प्रवेशात लिअरच्या धाकट्या मुलीने, कॉर्डेलियाने, बापाला "काही नाही" हेच उत्तर दिलेलं असतं. तिचं "काही नाही" खरं, याचं खोटं, आणि दोन्ही म्हातारे नेमकी उलटी निवड करतात.

पुढे तर वाटा पारच फुटतात. लिअरची बुद्धी जाते, डोळे शाबूत राहतात. ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात, बुद्धी मात्र लख्ख राहते, आणि तीच त्याची शिक्षा. चौथ्या अंकात वेडा राजा समोर आल्यावर तो चक्क त्याचा हेवा करतो: मलाही वेड लागलं असतं तर दुःख कळलं तरी नसतं. नुसती नक्कल असती तर हाही वेडा झाला असता आणि तुमचं बरोबर ठरलं असतं.

आता धंद्याचं विचारतो. एडमंड नाही, मग तुमच्यात लिअरच्या थोरल्या दोघी, गॉनरिल आणि रीगन, एकमेकींच्या जिवावर कुणापायी उठतात? आणि कॉर्डेलियाला फाशी द्यायचा हुकूम कोण काढतं?

तिसरी_घंटा: निरोप्या येऊन सांगतो. लोक रडले. पुस्तकं वाचणाऱ्यांना नाही कळायचं, हॉलचं भाडं तासावर असतं.

चौकटराजा_नव्हे: घंटाशी सहमत. ब्रॅडलीसारख्या समीक्षकानेही 1904 मध्ये तक्रार केलीच आहे की दुहेरी कथानकामुळे नाटकात गर्दी होते. आणि नाटककार नेहम टेटने 1681 मध्ये ग्लॉस्टर उडवूनच प्रयोग केले, ते दीडशे वर्षं चालले.

विंगेतला: ब्रॅडलीचं बरोबर. टेटचं साफ चूक. त्याने विदूषक उडवला, ग्लॉस्टर ठेवला. ठेवलाच पाहिजे होता, कारण त्याला एडगर आणि कॉर्डेलियाचं लग्न लावून शेवट गोड करायचा होता. म्हणजे नाटकाची वाट लावणाऱ्यालाही उपकथानकाला हात लावता आला नाही.

निवृत्त_पण_सावध: एवढी चर्चा चाललीय पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. आप्पासाहेब बेलवलकरांनी सगळं हयातीत का वाटलं? आमच्या थोरल्या वहिनींनी हेच केलं. राहता फ्लॅट बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केला. वर्षभरात त्यांची खाट हॉलमध्ये आली, मग गॅलरीत. सुनेचं म्हणणं, "आई, तुम्हाला वारा आवडतो ना." आधी मृत्युपत्र करा, बक्षीसपत्र नको, हे मी घसा कोरडा करून सांगत होतो.

सातबारा: काका, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. पण ती अट कागदात लिहिलेली असावी, नाहीतर सिद्ध करताना दमछाक होते. वहिनींच्या बक्षीसपत्रात आहे का?

निवृत्त_पण_सावध: कुठली अट! "प्रेमापोटी व आपुलकीपोटी" एवढंच आहे.

लेकीची_आई: दरवेळी सूनच कशी वाईट? माझ्या सासऱ्यांनी सगळं नणंदेला दिलं आणि आजारपण काढलं मी. यावर नाटक लिहा कुणीतरी.

चौकटराजा_नव्हे: झालं धाग्याचं काश्मीर. चहा ठेवतो.

विंगेतला: ठेवा, पण सातबारांनी नकळत माझंच काम केलंय. लिअरने अट घातली होती! शंभर सरदार माझ्या दिमतीला राहतील आणि मी महिना महिना एकेकीकडे राहीन. फक्त तोंडी. पोरींनी शंभराचे पन्नास केले, पन्नासाचे पंचवीस, मग दहा तरी कशाला, पाच तरी कशाला, आणि रीगन म्हणते, एक तरी हवा कशाला? वहिनींची खाट हॉलमधून गॅलरीत गेली ती याच हिशेबाने.

ग्लॉस्टरला मात्र कागद नडतो, दोनदा. पहिलं पत्र खोटं होतं, त्यापायी त्याने चांगला मुलगा घालवला. दुसरं खरं. राजाला मदत मिळणार असल्याचं ते पत्र कपाटात ठेवलंय, हे तो स्वतःच विश्वासाने एडमंडला सांगतो. एडमंड ते रीगनच्या नवऱ्याच्या, कॉर्नवॉलच्या, हातात देतो आणि बापाचे डोळे जातात. सातबारांचं कलम लिअरच्या कामाचं. ग्लॉस्टरला ते लावायला कुठे जागाच नाही.

सातबारा: मी नाटक पाहिलेलं नाही, पण या दुसऱ्या म्हाताऱ्याची केस फौजदारी आहे. बनावट दस्त.

तिसरी_घंटा: ठीक आहे, विद्वान. पण नटसम्राटचं उत्तर टाळलंत.

विंगेतला: टाळलं नाही, तुम्ही बोलू दिलं नाही. बेलवलकर नट आहे. त्याला दुसरा म्हातारा लागत नाही, त्याने केलेल्या भूमिकाच त्याच्यासमोर उभ्या राहतात. शिवाय कावेरी आहे. लिअरला बायको नाही, त्याचं दुःख ज्याच्याशी ताडून बघावं असा त्याच्या वयाचा एकच माणूस नाटकात आहे. आणि 2016 च्या सिनेमात रामभाऊ आणलाच ना, दुसरा म्हातारा नट?

तिसरी_घंटा: रामभाऊ विक्रम गोखल्यांसाठी आणला. तुम्ही प्रत्येक गोष्टीत आरसा शोधता.

विंगेतला: हे मात्र असेल. पण एक प्रवेश करून बघा, फक्त एक. डोव्हरजवळ लिअर रानफुलं डोक्याला लावून आलाय आणि आंधळ्या ग्लॉस्टरपुढे नसलेला कागद धरून म्हणतो, हे वाच. थोड्या वेळाने म्हणतो, काचेचे डोळे लावून घे आणि न दिसणारं दिसतंय असं दाखव. पहिल्या अंकातला चष्मा तो हाच. पण लिअर त्या प्रवेशात नव्हताच, त्याला त्या चष्म्याची कल्पनाही नाही. प्रेक्षकाला आहे. ग्लॉस्टर कापलात तर हे वाक्य बोलायचं कुणाशी?

तिसरी_घंटा: विदूषकाशी बोलवलं असतं. पण तोवर तो नाहीसा झालेला असतो, हे आत्ता लक्षात आलं. बरं, बारा मिनिटं देतो त्या प्रवेशाला. ग्लॉस्टर करायला माणूस शोधून द्या, फुकट येणारा.

लेकीची_आई: मला एक सांगा. एडगर आंधळ्या बापाला हात धरून मैलोन्‌मैल नेतो, सपाट जमिनीवर कड्यावरून उडी मारल्याचा भास करवतो, आणि "बाबा, मीच तो" म्हणत नाही. का? चांगला म्हणून नावाजलेला मुलगा आहे ना?

विंगेतला: ताई, मी कॉलेजात एडगर केलाय आणि तालमीत रोज हेच विचारायचो. दिग्दर्शक म्हणायचा, बापाची निराशा घालवायला. एडगरही तेच म्हणतो, पण शेवटी स्वतःच कबूल करतो की लपून राहण्यात चूक झाली. सांगतो तेव्हा ऐकूनच ग्लॉस्टरचं काळीज फुटतं, आणि तेही रंगमंचावर दिसत नाही, फक्त कानावर येतं. लिअर मात्र आपल्या डोळ्यांसमोर मरतो.

निवृत्त_पण_सावध: आमच्या पुतण्याला हे नाटक दाखवायचं होतं. प्रयोग कधी आणि तिकीट किती?