बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी: सरसकट बंद, की चालू ठेवता येते?

निशिगंधा: वहिनी २८ वर्षांची, वजन १०४ किलो, उंची १५६ सेंमी, पीसीओडी आहे. पुढच्या महिन्यात वजन कमी करण्यासाठी मिनी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया. पाळीसाठी दोन वर्षं एकत्रित हार्मोनची गोळी चालू आहे. सर्जन म्हणाले, निदान दीड वर्ष दिवस जायला नकोत. तीच गोळी पुरेल का?

रानवारा: माझ्या मते गोळीचा बाऊ फार केला जातो. स्वीडनमध्ये त्याच बायकांच्या रक्तात डेसोजेस्ट्रेल या गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन बायपासच्या आधी आणि नंतर मोजलं होतं. फारसा फरक पडला नाही. मग चालू गोळी का तोडायची?

पारिजात: रानवारा, तो अभ्यास खरा आहे, पण बायका जेमतेम नऊ होत्या, आणि गोळी फक्त प्रोजेस्टेरॉनसारख्या एका हार्मोनची. वहिनींच्या गोळीत इस्ट्रोजेन आहे. शिवाय त्यांनी रक्तातली पातळी मोजली, गर्भ राहतो का हे नाही.

मिनी बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, बऱ्याचदा दीड-दोन मीटर, अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. गोळी शोषली जाते ती मुख्यतः तिथेच. म्हणून अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे निकष अशा शोषण घटवणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर तोंडावाटेची कुठलीही हार्मोनची गोळी सहसा टाळायला सांगतात. स्लीव्ह शस्त्रक्रियेत फक्त जठर कापून लहान करतात, आतडं जागेवरच राहतं, त्यामुळे तिथे तेवढी अडचण नाही. मात्र गोळीनंतर तीन तासांत उलटी झाली तर ती घेतलीच नाही असं समजावं लागतं, आणि पहिले काही आठवडे उलट्या होतातच.

वहिनींचं आणखी एक कारण आहे. त्यांचा बीएमआय सुमारे ४३. या वजनाला इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, त्यात मोठी शस्त्रक्रिया. इस्ट्रोजेनची गोळी आधी चार आठवडे थांबवतात. म्हणजे डॉक्टरांशी आजच बोलायला हवं, पुढच्या महिन्यात नाही.

रानवारा: इस्ट्रोजेनचं मान्य. पण मग फक्त एका हार्मोनची गोळी तरी का नको? आणि पीसीओडीत पाळीच येत नाही, एवढी घाई कशाला?

पारिजात: पाळी येत नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं नाही. वजन उतरायला लागलं की काही महिन्यांत बीजांडं सुटायला लागतात, आणि पहिलं बीजांड पाळीच्या आधीच सुटतं. बेसावध बायकांना दिवस जातात ते इथेच. एका हार्मोनची गोळी कदाचित पुरेलही, मी नाकारत नाही. पण वेगाने वजन उतरत असताना आणि लोह, बी१२, फोलेट कमी पडत असताना गर्भ राहिला तर बाळाची वाढ खुंटू शकते. 'कदाचित'वर दीड वर्ष काढावं असं मला वाटत नाही.

स्नेहल: मी वजनासाठी टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन घेते. म्हणजे माझी गोळीही बंद करायची का?

पारिजात: ताई, तुमचं कारण वेगळं. आतडं जागेवर आहे, पण पोट उशिरा रिकामं होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात सांगितलंय की इंजेक्शन सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे सोबत कंडोम वापरावा, नाहीतर गोळीऐवजी दुसरा उपाय घ्यावा.

औषधवाला: कॉपर-टी बसवा, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. गोळी पोटात जातच नाही, मग शोषणाचा प्रश्नच उरत नाही.

पारिजात: शोषणाचं बरोबर बोललात, पण रक्तस्रावाचं राहिलं. कॉपर-टीने पाळी जड होते, आणि बायपासमध्ये नेमकी लोह शोषणारी जागाच वगळली जाते. दोन्ही मिळून हिमोग्लोबिन घसरतं. म्हणून गर्भाशयात बसवायची हार्मोनची टी, लोक जिला मिरेना म्हणतात ती, मला जास्त योग्य वाटते. हार्मोन गर्भाशयातच सुटतं, पाळी हलकी होते आणि पीसीओडीत अस्तर जाड होत जातं तेही आवरतं. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन मी इथे मागे ठेवेन, कारण त्याने हाडांची घनता कमी होते, आणि बायपासनंतर कॅल्शियमही कमी शोषलं जातं.

मिरेना बायपासच्याच भुलीत स्त्रीरोगतज्ज्ञाकडून बसवून घेता येते का, हे सर्जनना विचारा. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत बसवली नाही तर पुढचे सात दिवस कंडोम. गोळी थांबल्यापासून बसवेपर्यंतही कंडोमच. चूक झाली तर मेडिकलमधल्या तातडीच्या लेव्होनॉर्जेस्ट्रेल गोळीवर विसंबू नका. ७० किलोच्या वर तिचा भरवसा कमी होतो. पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवणं हा सर्वात खात्रीचा मार्ग.

औषधवाला: मिरेना पदरचे पैसे घालून घ्यावी लागते, ते सगळ्यांना जमतं असं नाही. कॉपर-टी बसवून दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासलं आणि गरज पडली तर लोहाची सलाईन लावली, तर काय बिघडतं?

पारिजात: तपासणी खरंच चुकवली नाही तर चालेल. सर्जनकडची भेट सहा महिन्यांनंतर बऱ्याच जणी सोडून देतात, मला काळजी त्याची वाटते.

निशिगंधा: वहिनीची पाळी आताच जड असते, हे मी सांगायला विसरले होते. उद्या सर्जनना भुलीतच बसवण्याबद्दल विचारते.