शनिवारचं भजन : वेळ, बैठक आणि आवाजाबद्दल

सचिव, सी-४०१
नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी बी विंगच्या खालच्या पार्किंगमध्ये भजन आहे. सुरुवात संध्याकाळी बरोबर ७ वाजता, समाप्ती ८:३० ला. वाद्यं लावायची ती ६:४५ पर्यंत लावून घ्यावीत. बी-५ ते बी-८ या जागांवरच्या गाड्या ५ वाजेपर्यंत पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये हलवा. ए विंगमध्ये दहावीची दोन मुलं आहेत आणि बी-१०२ मध्ये तान्हं बाळ आहे, म्हणून आवाज बेताचा ठेवू या. काही सूचना असतील तर आजच सांगा, शनिवारी दुपारी नको.

बी-३०४
माईक आणि स्पीकरचं काय ठरलं? गेल्या वेळी मागे बसलेल्यांना शब्द कळत नव्हते. माझ्याकडे छोटा स्पीकर आहे, आणू का?

सचिव, सी-४०१
दादा, स्पीकर लहान असो की मोठा, ध्वनिवर्धक लावायचा म्हटलं की पोलीस ठाण्यातून लेखी परवानगी लागते. रात्री १० च्या आत आहे म्हणून चालतं, हा गैरसमज आहे. १० नंतर बंदी आहे, पण परवानगीची अट दिवसाही आहेच. शिवाय निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. एवढ्यासाठी अर्ज करण्यापेक्षा माईकशिवाय जमतंय का ते बघू.

सी-२०२ (पखवाज)
जमेल. चाळीस माणसांना पार्किंगमध्ये माईक लागत नाही. शब्द कळत नाहीत ते गाणाऱ्याचा आवाज लहान म्हणून नाही, टाळ त्याच्या अंगावर येतात म्हणून. माईक लावला की गाणारा मोठा होतो, मग टाळकऱ्यांना आपले टाळ ऐकू येईनात म्हणून तेही जोरात वाजवतात. पंधरा मिनिटांत सगळेच ओरडत असतात.

पार्किंगमध्ये हे जास्त होतं, कारण वर उघडा स्लॅब, खाली फरशी आणि बाजूला काँक्रीटचे खांब. टाळेचा तीक्ष्ण नाद या सगळ्यांवर आपटून परत येतो आणि एका ठोक्याचा नाद विरण्याआधी दुसरा येतो. अभंगाचे शब्द त्यात बुडतात. म्हणून आधी टाळ कमी करा, मग बाकीचं बोलू.

ए-१०३
कमी म्हणजे किती? दहा-बारा जण टाळ घेऊन येतात, कोणाला नाही म्हणायचं?

सी-२०२ (पखवाज)
नाही कोणालाच म्हणू नका ताई. बाराचे सहा जोड केले तरी आवाज साधारण ३ डेसिबलनेच उतरतो, कानाला तो फरक जेमतेम कळतो. खरा फरक वाजवण्यात आहे. टाळ मोकळी सोडली की ती कितीतरी वेळ झणझणत राहते. ठोका दिला की लगेच बोटं कडेला टेकवून नाद दाबायचा. असं बारा जणांनी वाजवलं तरी गाणारा ऐकू येतो. अभंग चालू असताना फक्त चार जोड, तेही दाबून. बाकीच्यांनी टाळ्या द्याव्यात. गजराला सगळे जोड घ्या.

अंदाज घ्यायची सोपी खूण सांगतो. शेवटच्या ओळीतल्या माणसाला ध्रुपदाचे शब्द स्पष्ट कळले पाहिजेत. कळले नाहीत तर त्याने हात वर करायचा आणि टाळकऱ्यांनी कमी करायचं. गाणाऱ्याला 'जरा मोठ्यानं' म्हणायचं नाही.

बी-३०४
आणि पखवाज? बी-१०१ वाल्या काकूंची तक्रार टाळेची नव्हती, पखवाजाच्या डाव्या तोंडाची, धुमेची होती.

सी-२०२ (पखवाज)
बरोबर आहे त्यांचं. टाळेचा आवाज खिडकी लावली की बराच अडतो. धुमेचा खर्ज खिडकीने अडत नाही, तो वरच्या घरात घुमतो. त्यामुळे दोन गोष्टी करतो. पखवाज फरशीला टेकणार नाही, खाली दुमडलेली गादी घेईन. आणि धुमेवर कणीक जरा बेताने लावेन. कणीक जितकी जास्त तितका खर्ज खोल जातो. उघड्यावर ते बरं वाटतं, स्लॅबखाली नाही. मात्र कणीक ओली हवी. सुकली की धुमा बदबद वाजायला लागते आणि वाजवणारा हात जोरात मारतो. म्हणून अधूनमधून पाण्याचा हात लावायला एक वाटी ठेवा.

मंडळ बी-५ मध्ये बसवू नका, वर बी-१०१ आणि बी-१०२ च्या झोपायच्या खोल्या येतात. बी-८ च्या वर सोसायटीचं ऑफिस आहे, संध्याकाळी ते बंद असतं. गाणारे तिथे, तोंड बी-५ कडे.

ए-१०३
पट्टीचं पण ठरवा बाई आधी. गेल्या वेळी काळी पाच धरली आणि पुरुष मंडळींचा घसा ताणला.

सी-२०२ (पखवाज)
हा मुद्दा आवाजाशीच जोडलेला आहे. न झेपणारी पट्टी असली की माणूस गात नाही, ओरडतो. काळी एक धरली तर बायकांना खाली पडते, काळी पाच पुरुषांना वर. या शनिवारी पुरुष गाणारे तीन आणि ताई-काकू मिळून पाच, तेव्हा काळी चार ठेवू. पुरुषांनी वरची ओळ झेपली नाही तर खालच्या सप्तकात धरावी. पट्टी मध्येच बदलायची नाही. पेटीला दुसऱ्या पट्टीवर जायला क्षण लागतो, पण पखवाजाची शाई पुन्हा स्वरात आणायला गठ्ठे ठोकत बसावं लागतं आणि पाच मिनिटं तशीच जातात.

सचिव, सी-४०१
वेळेचं मी असं मांडलंय. ७ ते ७:१५ नमन आणि रूपाचा अभंग. ७:१५ ते ७:५५ पाच अभंग, प्रत्येकी आठ मिनिटं. मग सात मिनिटं गजर, दहा मिनिटं गौळण, आणि शेवटी पसायदान व एकच आरती. ८:२५ ला प्रसाद.
गजर मुद्दाम गौळणीच्या आधी घेतलाय. लय चढली की आवाज चढतोच, आणि तो साडेआठच्या तोंडावर नको. सुरुवातीला दहा मिनिटं उशीर झाला तर एक अभंग गाळायचा, शेवट पुढे ढकलायचा नाही. फर्माईश कृपया शुक्रवारपर्यंत.

बी-२०१
बसायचं कसं? आईंना खाली बसता येत नाही.

सचिव, सी-४०१
चार गाड्यांची जागा मिळून साधारण ५० चौरस मीटर होते. मांडी घालून बसणाऱ्याला अर्धा चौरस मीटर धरला तर चाळीस जणांना २० लागतात, मंडळाला ८. उरलेली जागा ये-जा करायला आणि खुर्च्यांना. खुर्च्या बारा, पण मागे नाही, भिंतीकडच्या कडेला. मागे ठेवल्या तर ज्येष्ठांनाच ऐकू येत नाही. लिफ्ट आणि जिन्यासमोर दीड मीटर मोकळं राहील, तिथे चपलासुद्धा नकोत.
सतरंज्या सहा आहेत. सगळ्या अंथरल्या की फरशीवरून उसळणारा नादही थोडा मरतो.

बी-३०४
दोन जाड चादरी ए विंगकडच्या जाळीवर टांगू का?

सी-२०२ (पखवाज)
टांगा, टाळेला थोडा उपयोग होईल. पखवाजाला काडीचा फरक पडणार नाही. चादर जाळीला चिकटवून न बांधता वीतभर पुढे सोडा.

ए-१०३
माझ्या मोबाईलमध्ये आवाज मोजायचं अ‍ॅप आहे. मुलगा घरी अभ्यास करत बसेल, त्याच्या खिडकीपाशी बघू का?

सी-२०२ (पखवाज)
बघा. मोबाईलचा आकडा अचूक नसतो, त्यामुळे ५५ शी ताडून भांडू नका. ६:३० ला, सगळं शांत असताना एकदा मोजा आणि ७:२० ला त्याच जागी, तोच मोबाईल धरून परत. फरक दहाच्या वर गेला तर मला मेसेज करू नका, वाजवताना दिसणार नाही. सचिवांना फोन करा, ते हाताने खूण करतील.

सचिव, सी-४०१
चालेल. फोन व्हायब्रेटवर असेल. बी-६ आणि बी-७ ची गाडी कोण हलवणार ते अजून कळलेलं नाही, कृपया इथेच सांगा.