फ्रंट लोड मशीनच्या दाराच्या रबराला काळी बुरशी आणि कुबट वास, काय करू?

इंदिरानगरची_रेवा
नमस्कार मंडळी, नाशिकमधले कुणी असतील तर जास्त बरं कारण आत्ताचा पाऊस माहितीये तुम्हाला. आमचं फ्रंट लोड मशीन साडेचार वर्षांचं, ड्राय बाल्कनीत आहे. दाराभोवतीचं ते राखाडी रबर असतं ना, त्याची घडी बोटाने उघडून बघितली तर खालच्या बाजूला काळं काळं, बुळबुळीत, आणि वास असा की ओला पंचा चार दिवस बादलीत विसरलाय. परवा मुलाच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर काळे ठिपके आले तेव्हा कळलं, नाहीतर मी आपली घडीत कधी डोकावलेच नव्हते.
करून झालेलं: व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून घासलं, मस्त फेस आला, वर वर चकाचक, आठ दिवसांत परत तेच. एकाला बोलावलं तर त्याने दार उघडून बघितलं आणि म्हणाला रबर बदला. बदलायचंच का खरंच?

पंचवटीचे_आप्पा
आमच्याकडेही झालं होते. दाराचे रबर कोमट पाण्यात साबण घालून पुसावे, मग कोरडे करून त्यात पाचाची नोट धरून दार लावावे, नोट सहज सुटली तर रबर गेले समजा. भाजीचा वासही जातो.

इंदिरानगरची_रेवा
आप्पा, भाजीचा?? 😄 मी वॉशिंग मशीनबद्दल विचारतेय, फ्रीज नाही.

पंचवटीचे_आप्पा
असे होय. मी दाराचे रबर वाचले आणि लिहून मोकळा झालो. असो, नोटेची युक्ती फ्रीजला करून बघा.

सिडको_सुषमा
रेवा अगं, टब क्लीन पावडर टाक ना. ती डिस्केलिंगवाली मिळते, महिन्यातून एक पाकीट रिकाम्या मशीनमध्ये. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, ड्रमवर पांढरा थर यायचा तो पूर्ण गेला. रबराला ब्लीच लाव आणि वरून व्हिनेगर मार म्हणजे डबल काम होईल.

सातपूर_मशीनवाला
थांबा थांबा. ब्लीचवर व्हिनेगर अजिबात नाही, टॉयलेट क्लीनर नाही, लिंबूफूल नाही, ती डिस्केलिंग पावडर पण नाही. ब्लीच आणि आंबट पदार्थ एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ड्राय बाल्कनीच्या खिडक्या पावसामुळे बंद असतात. घसा धरतो, डोळ्यातून पाणी, दम्याच्या माणसाचं तर विचारूच नका. मी सोळा वर्षं मशिनी उघडतोय, एका घरी हेच करून बाई बाथरूममध्ये खोकत बसलेल्या पाहिल्यात.

सुषमाताईंची पावडर चुकीची नाही पण ती क्षारासाठी आहे, हीटरच्या कॉइलवरचा थर काढते. बुरशी वेगळी. शिवाय रबराच्या घडीत पावडरचं पाणी नीट थांबतच नाही.

आणि रेवाताई, सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते जवळजवळ खारं पाणी. फेस दिसतो म्हणून वाटतं काम झालं.

रबर लगेच बदलू नका. आधी दोन गोष्टी बघून सांगा. एक, घडी उघडून तळाला, घड्याळात सहा वाजतात तिथे, बारीक भोकं दिसतात का. त्यात केस, धागे, बनियनचा लगदा अडकतो. अर्धा कप पाणी त्या घडीत ओता, हळूहळू निघून गेलं तर भोकं मोकळी, डबकं तसंच राहिलं तर तुंबलीत. दुसरं, कुठला साबण, किती, आणि कुठला प्रोग्रॅम वापरता.

इंदिरानगरची_रेवा
बापरे, बरं झालं विचारलं, मी व्हिनेगरची बाटली शेजारीच ठेवली होती.
पाणी ओतलं. डबकं!! दहा मिनिटं झाली, तसंच. घडी खेचून मोबाईलचा टॉर्च मारला तर तळाला काळ्या लगद्यात एक हेअरपिन आणि नातेवाईकांच्या लग्नातली एक मोती-बी. 😐
साबण लिक्विड, दोन झाकणं, सोबत सुगंधी सॉफ्टनर एक झाकण. प्रोग्रॅम बहुतेक वेळा अर्ध्या तासाचा क्विक, थंड पाणी, पावसात दिवसाला दोनदा लावते कारण कपडे वाळतच नाहीत. आणि हो, दार लगेच बंद करते, आमच्याकडे मांजर आहे.

सातपूर_मशीनवाला
मग गणित सुटलं. थंड पाणी, छोटा प्रोग्रॅम, साबण जास्त. साबणाचा आणि सॉफ्टनरचा चिकट थर रबरावर बसतो, त्यात मळ, आणि तुंबलेल्या भोकामुळे पाणी साचून राहतं. वर दार बंद. बुरशीला अजून काय पाहिजे. लिक्विडमध्ये सहसा ब्लीच नसतं, पावडरमध्ये बऱ्याचदा ऑक्सिजनवालं ब्लीच असतं पण तेही थंड पाण्यात सुस्त राहतं.

आता असं करा, घाईत नको, सकाळी करा, खिडकी उघडी, रबरी हातमोजे, जुना गाऊन. आधी काळं ओलंच करून पुसायचं, कोरडं खरवडायचं नाही, धूळ उडून नाकात जाते. भोकं कापसाच्या काडीने मोकळी करा, सुई-पिनेने नाही, रबर फाटतं. मग एक लिटर पाण्यात साधारण 100 मिली साधं लिक्विड ब्लीच, पांढऱ्या कपड्यांचं येतं ते. ब्लीचिंग पावडर घेऊ नका, तिचे खडे विरघळत नाहीत, रबराला चिकटून बसतात. जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या पट्ट्या त्यात बुडवून, थोड्या पिळून, घडीत आतपर्यंत बसवा, खालच्या अर्ध्या भागात जास्त. अर्धा तास, फार तर तास. मग पट्ट्या काढून ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, पट्ट्या ठेवल्या होत्या तिथल्या दाराच्या काचेचा खालचा भागही. ब्लीच स्टीलच्या ड्रमवर सुकू द्यायचं नाही.

नंतर रिकामं मशीन रिन्स आणि स्पिनवर. मग रिकामंच सगळ्यात गरम प्रोग्रॅम, 90 असेल तर 90, नसेल तर 60. साबण घालू नका. तेव्हा काचेतून बघा, साबण न घालता फेस आला तर समजा आत किती उरला होता. पुढची पहिली धुलाई पोछ्याची फडकी किंवा पांढरे पंचे, रंगीत कपडा नको.

सिडको_सुषमा
बरं बाई, व्हिनेगरबद्दल चुकलं माझं. पण पावडरने वास जातो हो, मला खरंच फरक पडला.

सातपूर_मशीनवाला
क्षारात साबण अडकून बसतो, क्षार गेला की वास कमी होतो, तुमचं तितकं खरं आहे. दोन्ही करायचं तर दोन वेगळ्या दिवशी, मधे दोन रिन्स.

पाथर्डी_फाटा_निनाद
आमच्याकडे रबर स्वच्छ होतं तरी वास, शेवटी कळलं तो मशीनचा नव्हताच. मशीनचा पाईप बाल्कनीतल्या ड्रेनमध्ये खोल कोंबला होता आणि भोवती कपडा. गटाराची हवा पाईपने वर. रेवा, तुझा वास कुठला आहे, ओल्या पंच्याचा की गटाराचा? नहाणी ट्रॅपमधलं पाणी वाळलं तरी गटाराचा येतो, गावाला जाऊन आलं की हमखास.

इंदिरानगरची_रेवा
दोन्ही वाटतात आता! आधी ओला पंचा सोडवते.

(रविवारी)
झालं करून. फिल्टरही काढला, खालची झडप उघडायच्या आधी छोट्या नळीतून पाणी ताटात काढायचं असतं हे मला माहीत नव्हतं, मी थेट उघडलं आणि बाल्कनीत गोदावरी. त्यात दोनचं नाणं, एक बटण आणि केसांचा असा लोळा निघाला की नवरा म्हणाला ही कुणाची तरी मिशी आहे. गरम प्रोग्रॅमला काचेवर पंधरा मिनिटं फेस, एक थेंब साबण न घालता!
आता घडी हाताला गुळगुळीत, बुळबुळीत नाही. पण काळे ठिपके आहेतच, फिकट झाले पण गेले नाहीत. म्हणजे परत येणार का?

सातपूर_मशीनवाला
बुरशी रबरात मुरली की डाग राहतो, तो जिवंत आहे की मेलेला हे बघायचं. पांढरा ओला रुमाल चोळा. काळं रुमालावर उतरलं किंवा बुळबुळीत लागलं तर अजून आहे, एकदा परत पट्ट्या. रुमाल पांढरा राहिला तर नुसता डाग. आज फोटो काढा, पंधरा दिवसांनी शेजारी धरून बघा, ठिपके पसरले का. मागच्या बाजूला, रबर टबला जोडतो तिथेही वाढते, तिथे आपला हात जात नाही, ते उघडून बघावं लागतं. रबर चिरलं असेल, पाणी गळत असेल, किंवा दोनदा करूनही पंधरा दिवसांत तेच, तर बदलायचं. रोज ब्लीच मात्र मारू नका, रबर कडक होतं.

पुढचं सोपं. साबण अर्धा करा, सॉफ्टनर काही महिने बंद. आठवड्यातून एकदा पंचे-चादरी पावडरने 60 वर. शेवटची धुलाई झाली की घडी फडक्याने पुसून, साबणाचं खण बाहेर खेचून, दार दोन बोटं उघडं.

इंदिरानगरची_रेवा
रुमाल पांढराच निघाला 🙏 पण दार उघडं म्हणजे मनीला आमंत्रण! काल पाहिलं तर ड्रममध्ये आरामात बसलेली.

पाथर्डी_फाटा_निनाद
दाराच्या कडेला जुना मोजा घालून ठेव, दार लागणार नाही आणि फट मांजर शिरेल इतकी होणार नाही. तरी सुरू करायच्या आधी हात घालून बघच. लहान मुलं असतील तर बाल्कनीचं दारच बंद ठेवा.

पंचवटीचे_आप्पा
मोजा दोन्ही पायांचा वेगवेगळा असतो आमच्याकडे, एक तरी कामी येईल.

इंदिरानगरची_रेवा
आमच्याकडेही! निनाद, ड्रमचा वास गेला पण रात्री पाऊस पडला की बाल्कनीत गटाराचा अजून येतोय. ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतते तेव्हा थांबतो, दोन तासांनी परत. प्लंबर म्हणतो खालच्या मजल्याचा प्रॉब्लेम, खालचे म्हणतात वरच्यांचा. इंदिरानगरला ट्रॅपचं काम नीट बघणारा कुणी माहितीये का?