गृहकर्ज फिटलं, आता कर्जदात्याकडून कागद घेताना काय काय तपासायचं?

रानजाई
आमच्या पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज ५ ऑगस्टला पूर्ण फेडलं. फ्लॅट रीसेलचा आहे. पहिल्या मालकाने बिल्डरकडून २००३ मध्ये घेतला होता, आम्ही त्यांच्याकडून २०१२ मध्ये घेतला. कर्ज आधी एका बँकेत होतं, २०१७ मध्ये व्याजदर कमी मिळाला म्हणून एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडे वळवलं. आता कंपनीने पुढच्या आठवड्यात मूळ कागद न्यायला बोलावलंय. कर्ज आम्हा नवरा-बायकोच्या नावावर आहे, पण नवरा सध्या कामानिमित्त बाहेरगावी असल्याने मी एकटीच जाणार. नो ड्यूज सर्टिफिकेट आणि अ‍ॅग्रीमेंट एवढं माहीत आहे. आणखी काय मागायचं आणि तिथल्या तिथे काय बघायचं, ते अनुभवी लोकांनी सांगाल का?

अनुजा_ठ
अभिनंदन! फ्लोटिंग दराचं कर्ज असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, एवढं नक्की बघा. माझ्या बहिणीकडे मागत होते, तिने नियम दाखवल्यावर सोडून दिला.

रानजाई
धन्यवाद अनुजा. दंड वगैरे काही लागला नाही, पैसे भरून झालेत. माझा प्रश्न कागदांचा आहे.

पेठकर
फार विचार करू नका. नो ड्यूज हातात आलं की काम झालं. कागद द्यायला उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने रोजचे ५,००० रुपये आपोआप खात्यात येतात. उशीर झाला तर फायदा तुमचाच आहे.

दस्तनोंदणी
पेठकर, नियम आहे, पण तुम्ही म्हणता तसा सरळ नाही. मी बरीच वर्षं गृहकर्जाच्या विधी विभागात काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक १३ सप्टेंबर २०२३ चं. १ डिसेंबर २०२३ पासून पुढे ज्यांचे कागद परत करायचे, त्या सगळ्यांना ते लागू आहे. त्यात बँकाही आल्या आणि हाउसिंग फायनान्स कंपन्याही. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजाही काढायचा. उशीर कर्जदात्यामुळे झाला असेल तरच दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तुम्हीच गेला नाहीत किंवा सहकर्जदाराची सही आणली नाहीत, तर ते दिवस कंपनीच्या माथी येत नाहीत. म्हणून रानजाई, नवऱ्याचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत कंपनीला कशा स्वरूपात हवी, ते आधी ईमेलवर विचारून घ्या. फोनवर विचारू नका, लेखी उत्तर हातात राहू द्या.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या फाइलमध्ये २०१७ ची एक यादी असेल, कंपनीने कागद ताब्यात घेताना सही-शिक्क्यानिशी दिलेली. ती शोधा. नो ड्यूजपेक्षा मला ती महत्त्वाची वाटते, कारण नो ड्यूज कंपनी कधीही परत छापून देईल. त्या यादीत प्रत्येक कागदापुढे 'मूळ' की 'छायाप्रत' असं लिहिलेलं असतं. तो रकाना नीट वाचा. कर्ज वळवलेलं असलं की कागद एका संस्थेतून दुसरीकडे जातात, आणि गहाळ होतात ते बहुतेक याच टप्प्यावर. दुसरी कंपनी म्हणते आम्हाला छायाप्रतच मिळाली होती, पहिली बँक म्हणते आम्ही मूळ दिली. या वादात तुमच्या बाजूने बोलणारा कागद म्हणजे ती यादी.

रीसेल असल्यामुळे तुमच्याकडे करारांची साखळी आहे. बिल्डर आणि पहिला मालक यांचा २००३ चा करार, त्याची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा उतारा ज्याला इंडेक्स टू म्हणतात. मग तुमचा २०१२ चा करार, त्याचीही पावती आणि सूची. पुढे फ्लॅट विकताना घेणाऱ्याचा वकील पहिला करारही मूळच मागतो. लोक आपल्या नावाचा करार बघून खूश होतात आणि आधीचा राहून जातो.

रानजाई
यादी सापडली! एकूण १४ कागद आहेत. चौथ्या क्रमांकावर २००३ चा करार, पुढे 'मूळ'. नोंदणी पावती दोन्ही करारांची आहे, शेअर सर्टिफिकेटही आहे. करार पूर्ण आहे की मधली पानं गेलीत, ते कसं ओळखायचं?

दस्तनोंदणी
नोंदवलेल्या दस्ताच्या पानांवर दुय्यम निबंधक कार्यालयाचा शिक्का असतो. त्यात कार्यालयाचं संक्षिप्त नाव, दस्त क्रमांक, वर्ष आणि पान क्रमांक, सोबत एकूण पानं. ४८ पैकी ३ असं काहीतरी. पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटून क्रम बघा, पाच मिनिटांचं काम आहे. फ्लॅटचा नकाशा आणि मुद्रांक शुल्काचा कागद सहसा सुरुवातीला किंवा शेवटी जोडलेले असतात, तेही त्या क्रमात येतात. दस्त क्रमांक सूची दोनशी जुळतो का बघा.

आणि तुमच्याकडून 'सर्व कागद मिळाले' अशा छापील पोचपावतीवर सही मागतील. मोजून झाल्याशिवाय सही नको. एखादा कागद नसेल तर बाकीचे घ्या, पण पोचपावतीवर स्वतःच्या हाताने 'यादीतील अमुक क्रमांकाचा कागद मिळाला नाही' असं लिहून मग सही करा आणि त्याची प्रत मागून घ्या.

सोसायटी_सचिव
शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू जरूर बघा. तिथे हस्तांतराच्या रकान्यात तुमची नावं, तारीख आणि सोसायटीच्या सह्या असायला हव्यात. पुढे पहिल्या मालकाचंच नाव दिसतं, त्याने घाबरू नका. दुसरं असं की कर्जाच्या वेळी सोसायटीने ना-हरकत पत्र देऊन तारणाची नोंद आपल्याकडे केलेली असते. कंपनी ती काढायला आमच्याकडे येत नाही. नो ड्यूजची प्रत जोडून सोसायटीला साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्या सोसायटीत कर्ज फिटून दहा वर्षं झालेल्यांच्या नोंदी अजून तशाच आहेत.

मळ्यातला
आमचं घर स्वतःच्या प्लॉटवर आहे. बँकेने सातबाराच्या इतर हक्कात बोजा चढवला होता. वडिलांनी कर्ज फेडलं, कागद आणले, सगळं व्यवस्थित. भावाने पुढे त्याच जागेवर कर्ज काढायला घेतलं तेव्हा सातबारावर जुना बोजा तसाच दिसला. मग बँकेचं बोजा कमी करण्याचं पत्र, ई-हक्कवर अर्ज, फेरफार, नोटिशीची मुदत, असं सगळं करावं लागलं. त्या शाखेत आमचं खातं ओळखणारं कोणी उरलं नव्हतं, पत्र मिळायलाच वेळ गेला. रानजाईताई, बोजा कमी करण्याचं पत्र नो ड्यूजसोबतच घ्या.

दस्तनोंदणी
मळ्यातला, प्लॉटवाल्यांसाठी अगदी योग्य. गावठाणाबाहेर सातबारा, शहरात मिळकत पत्रिका, दोन्हीकडे ही काळजी घ्यावी. सोसायटीतल्या फ्लॅटचा स्वतंत्र सातबारा नसतो, त्यामुळे रानजाईंना ते लागणार नाही. त्यांचा बोजा सेरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणी संस्थेच्या, नोंदवहीत असेल. तो कंपनीनेच काढायचा असतो आणि तो काढल्याचा पुरावा मागता येतो. नंतर सेरसाईच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून स्वतःही शोध घेता येतो.

नो ड्यूजवर दोघांची नावं, कर्ज खाते क्रमांक, फ्लॅटचा पूर्ण पत्ता, कर्ज बंद झाल्याची तारीख आणि मालमत्तेवर कंपनीचा हक्क उरलेला नाही हे वाक्य हवं. आणखी एक बघा. २०१७ मध्ये विम्याचा हप्ता कर्जातच घातला होता का, किंवा मधे टॉप-अप घेतलं होतं का? त्यांचे खाते क्रमांक बऱ्याचदा वेगळे असतात. मुख्य खातं बंद होतं, छोट्या खात्यात काही शे रुपये राहतात आणि त्यावरून कागद अडतात.

रानजाई
टॉप-अप नाही, पण विम्याचं वेगळं खातं खरंच होतं. तेही शून्य झाल्याचं पत्र ईमेलने मागवलं, आलं.

आज जाऊन आले. १४ पैकी १३ कागद मिळाले. पानं मोजली, शेअर सर्टिफिकेटच्या मागे आमची नावं आहेत. चौथ्या क्रमांकाचा करार मात्र पाकिटात छायाप्रतच निघाला. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, बँकेकडून आम्हाला हीच आली असणार, सही करा, पुढे बघू." मी यादीतला 'मूळ' शब्द दाखवला, पोचपावतीवर तसं लिहून सही केली आणि प्रत घेतली. आता पुढे काय करू?

पेठकर
आता बसवा ना रोजचे ५,०००!

दस्तनोंदणी
चांगलं केलंत. पेठकर, अजून नाही. कागद हरवला असेल तर कर्जदात्याला आणखी ३० दिवस मिळतात. फेड ५ ऑगस्टची, म्हणजे पहिली मुदत ४ सप्टेंबरला संपते आणि वाढीव मुदत ४ ऑक्टोबरला. भरपाई ५ ऑक्टोबरपासून मोजायची. समजा प्रमाणित प्रत २४ ऑक्टोबरला हातात आली, तर २० दिवसांचे १,००,००० रुपये होतात.

रानजाई, आजच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. सोबत २०१७ ची यादी आणि आजची पोचपावती जोडा. दोन गोष्टी मागा. आधी पहिल्या बँकेकडे आणि स्वतःच्या मध्यवर्ती साठवणुकीत शोध घेऊन लेखी उत्तर. आणि मूळ सापडला नाही तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत त्यांच्या खर्चाने, सोबत मूळ कागद त्यांच्या ताब्यात असताना हरवल्याचं त्यांच्या लेटरहेडवर पत्र. हे पत्र सोडू नका. नुसती प्रमाणित प्रत असली की पुढचा खरेदीदार विचारतो, मूळ कुठे गहाण तर नाही ना? हरवल्याची पोलीस नोंद आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचना यांचा खर्चही त्यांच्याकडेच मागा. महिनाभरात समाधान झालं नाही तर हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाते. बँकेचं कर्ज असतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर.

मळ्यातला
एक शंका. रानजाईताईंच्या कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे फ्लॅट तारण ठेवल्याची सूचना, २०१७ मध्ये निबंधकाकडे दाखल झाली असेल. तीही रद्द करून घ्यावी लागते का? आमच्या वकिलांनी गहाणमुक्तीचा दस्त नोंदवायला लावला होता.

सोसायटी_सचिव
आमच्या इथल्या फ्लॅटवाल्यांनी कोणी तसा दस्त केलेला नाही, विक्रीही झाल्या. शोध अहवालात जुनी नोटीस दिसते, तेव्हा वकील नो ड्यूज बघून पुढे जातात.

दस्तनोंदणी
तुमचं गहाणखतच नोंदवलेलं असेल, मळ्यातला, तर मुक्तीचा दस्त हवाच. नुसत्या नोटिशीबाबत वकिलांमध्ये दोन्ही मतं ऐकली आहेत. रानजाई, कंपनीला लिहिताय तेव्हा त्याच ईमेलमध्ये विचारा की आमच्या नोटिशीबाबत तुमची पद्धत काय आहे.

रानजाई
ईमेल पाठवलं, दोन्ही मागण्या आणि नोटिशीचा प्रश्न घालून. तक्रार क्रमांक आलाय. पहिल्या बँकेलाही वेगळं पत्र देतेय, २०१७ मध्ये काय काय सुपूर्द केलं त्याची प्रत मागणारं. उत्तर आलं की इथेच लिहीन.