ए-स्टारचा एवढा गवगवा कशाला?

रामबागेतला: १०० बाय १०० ची रिकामी ग्रिड, कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात जायचा सगळ्यात छोटा रस्ता शोधायचा, चारच दिशा. सुरुवातीपासून थराथराने पसरणाऱ्या बीएफएसने १०,००० घरं उघडली, आडवं अधिक उभं अंतर धरून लक्ष्याचा अंदाज बांधणाऱ्या मॅनहॅटनवाल्या ए-स्टारनेही १०,०००च, वर वेळ जास्त. बीएफएस लावा नि मोकळे व्हा.

मल्हारगंजकर: राहवलं नाही म्हणून लांब लिहितोय. आकडे खरे असतील, पण चूक ए-स्टारची नाही रे. g म्हणजे आतापर्यंतची पावलं, h म्हणजे उरलेल्याचा अंदाज, f म्हणजे दोन्हींची बेरीज, आणि सगळ्यात लहान f चं घर आधी उघडतं. तुझ्या ग्रिडवर लक्ष्याकडे एक पाऊल टाकलं की g एकने वाढतो आणि h एकने घटतो, म्हणजे झाडून सगळ्या घरांचा f १९८च. सगळे बरोबरीत, मग आधी कोण निघणार? तू बहुतेक हे लिहिलंयस:

```
heappush(q, (f, g, x, y))
```

f सारखा असला की पायथन पुढचा आकडा बघतो, लहान g आधी काढतो, म्हणजे सुरुवातीजवळची घरं आधी. तो बीएफएसच झाला, त्यात हीपचा खर्च वेगळा. g च्या जागी h टाक, १९९ घरांत पोचशील.

पागनीसपागा: तरी भरवसा नाहीच. प्रॅक्टिकलला माझा ए-स्टारचा रस्ता बीएफएसपेक्षा लांब आला, एक्झामिनरने १० मार्क कापले, ऐकूनच घेतलं नाही.

मल्हारगंजकर: तिरकं जायची सोय होती का?

पागनीसपागा: होती, तिरक्यालाही खर्च १च. मग?

मल्हारगंजकर: मग (०,०) वरून (३,३) ला ३ पावलं लागतात आणि मॅनहॅटन ६ सांगतं. अंदाज खऱ्याच्या वर गेला की सगळ्यात छोट्या रस्त्याची हमी संपली. तिथे `max(dx, dy)` हवं. मार्क बरोबर कापले.

पागनीसपागा: बरोबर कसे? हेच एक वाक्य त्यांनी तेव्हा सांगितलं असतं तर! चार वर्षं मी ए-स्टारला शिव्या देतोय.

सराफ्यामागची: माझ्या व्हायव्हालाही हेच, "चुकलंय, पुढे" एवढंच म्हणाले. कारण न सांगता मार्क कापणं हा अन्यायच आहे, मल्हारगंजकर, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका.

मल्हारगंजकर: बाजू घेत नाहीये हो, उत्तर चूक होतं एवढंच म्हणतोय! कारण सांगायला हवं होतं, हे कबूल.

सराफ्यामागची: आणि बीएफएसला कमी लेखू नका. आमच्या गेममध्ये ४० शत्रू एकाच खेळाडूमागे धावतात. आधी ४० वेळा ए-स्टार चालायचा, गेम अडकायचा. आता खेळाडूपासून एकच बीएफएस, प्रत्येक घरात अंतर लिहून ठेवतो, शत्रू शेजारचं लहान आकड्याचं घर धरतो. झालं.

मल्हारगंजकर: लक्ष्य एक आणि निघणारे खूप, तिथे तुमचंच खरं. मानलं.

रामबागेतला: h टाकला, १९९ आले. ठीक आहे, माझी चूक. पण मधे यू आकाराची भिंत घातली, उघडं तोंड सुरुवातीकडे, तर हा आतली जवळजवळ सगळी घरं भरून मगच बाहेर पडला. आता बोला.

मल्हारगंजकर: भिंत h ला दिसतच नाही, तो भरणारच. बाहेरची किती घरं वाचली ते मोजलंस का?

रामबागेतला: रात्री मोजतो.